कोटेशन जाऊन आठवडा झाला, उत्तर नाही. आता काय लिहायचं?

कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं एक छोटं वर्कशॉप आहे, असं धरू. मालक स्वतःच कोटेशन करतात, दिवसभर वेल्डिंगवर लक्ष ठेवतात आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मेल पाहतात. चाकणच्या एका कारखान्याने त्यांच्याकडे माल हलवायच्या ४० ट्रॉलींची चौकशी केली. ड्रॉइंग पाहून त्यांनी मंगळवारी, ४ जूनला कोटेशन पाठवलं: एका नगाला १८,५०० रुपये, जीएसटी आणि वाहतूक वेगळी, ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून चार आठवड्यांत माल, ४० टक्के रक्कम आगाऊ, दर १५ दिवसांपुरता. मेलच्या शेवटी एक प्रश्नही होता. चाकं पीयूची हवीत की नायलॉनची? ड्रॉइंगवर ते लिहिलेलं नव्हतं. मग काहीच नाही. १२ जूनचा बुधवार उजाडला तरी ना होकार, ना नकार, ना पोच.

अशा वेळी काय लिहावं, हा प्रश्न वर्कशॉपवाल्यालाच पडतो असं नाही. प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागितलेली मुलगी, संपादकाला लेख पाठवलेला लेखक, भाड्याच्या करारावर मालकाची सही हवी असलेला भाडेकरू, सगळे याच जागी उभे असतात. लिहिलं तर समोरचा वैतागेल, आणि नाही लिहिलं तर काम राहून जाईल. पण मी अनेक वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात, म्हणजे अशा मेलच्या दुसऱ्या टोकाला बसलो आहे. म्हणून ही गोष्ट कोटेशनच्या अंगानेच सांगतो. तिथे आठवणीचा मेल कधी कामाला येतो आणि कधी अडगळ होतो, हे रोज डोळ्यांसमोर घडतं.

आधी त्या आठवड्यात आत काय चाललेलं असतं ते पाहू. उत्पादन विभागाकडून खरेदीकडे मागणी येते, तिला आमच्याकडे इंडेंट म्हणतात. त्यावर खरेदीवाले साधारण तीन ठिकाणी चौकशी पाठवतात. तिन्ही कोटेशनं आली की दर, अटी, मुदत शेजारी शेजारी मांडून एक तक्ता होतो. तो तक्ता पुन्हा उत्पादन विभागाकडे जातो, कारण माल तांत्रिकदृष्ट्या चालेल की नाही हे त्यांनीच सांगायचं असतं. तिथून होकार आला की दराची घासाघीस, मग वरिष्ठांची मंजुरी आणि शेवटी पीओ. तुमचं कोटेशन पहिलं आलं असेल तर ते वाचून बाजूला ठेवलं जातं, कारण तिसऱ्याचं अजून यायचं असतं. त्या दिवसांत खरेदीवाल्याकडे तुम्हाला सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून तो काही सांगत नाही. पोच द्यायला हवी हे खरं. पण तीस-चाळीस चौकशा एकाच वेळी चालू असलेल्या टेबलावर तेवढं होत नाही.

आपल्या ट्रॉलींच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. चाकांचा प्रश्न अटींच्या खाली, मेलच्या तळाशी होता. खरेदीतल्या मॅडमनी मेल उघडला, दर आणि मुदत तक्त्यात उतरवली आणि मेल बंद केला. प्रश्न त्यांच्या नजरेला पडला असेलही, पण त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते शॉप फ्लोअरवरच्या माणसाला विचारावं लागणार होतं आणि त्यासाठी एक वेगळा मेल लिहावा लागणार होता. तो 'नंतर लिहू' या खात्यात गेला. कुपवाडला मात्र वाटलं, दर जास्त झाला वाटतं.

आठवडाभर थांबायचं ते याचसाठी. तीन कोटेशनं गोळा होऊन तक्ता व्हायला तेवढा वेळ सहज जातो, आणि बहुतेक कारखान्यांत खरेदी आणि उत्पादनाची बैठक आठवड्यातून एकदा तरी होते. दोन दिवसांत विचारलं तर तक्ताच झालेला नसतो, आणि आपण फक्त आपली घाई कळवतो. मात्र आठवडा मोजताना समोरच्याचं कॅलेंडर धरावं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. ज्याला हे ठाऊक नाही तो बुधवारी रात्री मेल पाठवतो, आणि तो शुक्रवारी सकाळी दोन दिवसांच्या ढिगाखाली सापडतो. सकाळची वेळही तशी वाईटच. कुठला माल आला नाही, कुठली लाइन थांबली, याच्या धावपळीत खरेदीवाला असतो. दुपारच्या जेवणानंतरचा तास त्या मानाने निवांत. महिनाअखेरीला तर काही विचारूच नये. तेव्हा सगळे बिलं आणि स्टॉक यांत बुडालेले असतात.

आपल्या कोटेशनची मुदतही पाहायला हवी. दर १५ दिवसांचा म्हणजे १९ जूनपर्यंतचा. १२ तारखेला विचारलं तर समोरच्याच्या हातात आणखी एक आठवडा उरतो आणि त्याला काही हालचाल करता येते. १८ तारखेला 'उद्या दर संपतोय' असं कळवलं, तर सूचना खरी असली तरी गळ्याशी आणल्यासारखी वाटते.

लिहायला बसण्याआधी पाच मिनिटं एका कामाला द्यावीत. मूळ मेल पोचला होता का, हे पाहायचं. पाठवलेल्या मेलमधला पत्ता अक्षर-अक्षर वाचावा. परत आलेल्या मेलची सूचना आपल्याच इनबॉक्समध्ये, किंवा स्पॅममध्ये, पडून असते आणि ती कोणी उघडत नाही. जीमेलवरून २५ एमबीपेक्षा जड फाइल जोडता येत नाही, त्याऐवजी ड्राइव्हची लिंक जाते, आणि कंपन्यांच्या नेटवर्कवर अशी लिंक पुष्कळदा उघडत नाही. झिप फाइल तर अनेक कंपन्यांचे सर्व्हर दारातच अडवतात. 'मी १५ तारखेपर्यंत रजेवर आहे' असं आपोआप आलेलं उत्तरही शोधावं. ते असेल तर आठवण १६ तारखेनंतरच द्यायची, किंवा त्या उत्तरात ज्यांचं नाव दिलं आहे त्यांना लिहायचं. शिवाय उत्तर खरोखरच आलेलं नाही ना, हेही बघावं. कंपनीतून कधी कधी तिसऱ्याच माणसाच्या पत्त्यावरून उत्तर येतं आणि ते ओळखीचं वाटत नाही म्हणून राहून जातं.

हे सगळं ठीक असेल तर मग लिहायचं. इथे बहुतेक जण एकच गोष्ट करतात. मूळ मेल उचलतात, वर 'रिमाइंडर' लिहितात आणि तो अख्खा पुन्हा पाठवतात. काही जण तर सगळा मजकूर नव्याने टाइप करतात, थोडा अधिक नम्र, थोडा अधिक लांब. यामागचा हेतू चांगला असतो. समोरच्याला शोधायला लागू नये, सगळं एका जागी मिळावं, असं वाटत असतं. पण वाचणाऱ्याच्या बाजूने त्याचे दोन तोटे होतात.

पहिला असा, की लांब मेल दिसला की तो नवीन काम म्हणून दिसतो. माणूस म्हणतो, हा नीट वाचायला हवा, दुपारी वाचू. पहिल्या मेलचं जे झालं तेच दुसऱ्याचं होतं. दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. एकाच गोष्टीच्या दोन प्रती तयार होतात. दुसऱ्या मेलमधलं कोटेशन पहिल्यासारखंच आहे की त्यात काही बदललं आहे? फाइलवर नवी तारीख पडली असेल, नंबर वेगळा असेल, नावात 'फायनल' किंवा 'न्यू' आलं असेल, तर खरेदीवाल्याला दोन्ही उघडून ओळीने ताडून पाहावं लागतं. उद्या ऑडिटवाल्याने विचारलं की तक्त्यात कुठलं कोटेशन धरलं, तर उत्तर त्याला द्यायचं असतं. म्हणून तो दोन्ही बाजूला ठेवतो आणि ज्याचं एकच कोटेशन आहे त्याचं काम पुढे ढकलतो. पुन्हा पाठवताना मालकांनी सहज म्हणून दरात दोनशे रुपये कमी केले असतील, तर गोंधळ आणखी वाढतो. आणि कोणी न मागता दर उतरला, की घासाघीशीची सुरुवात आता त्या खालच्या आकड्यापासून होणार.

तर कुपवाडहून १२ तारखेला असा मेल जायला हवा:

'विषय: Re: माल हलवायच्या ४० ट्रॉली, कोटेशन क्र. ११८

नमस्कार मॅडम,

४ जूनच्या कोटेशनबाबत लिहितो आहे. चाकं पीयूची हवीत की नायलॉनची, एवढं कळलं तर दर आणि मालाची तारीख पक्की करता येईल. ट्रॉली कुठल्या फ्लोअरवर फिरणार ते सांगितलंत, तर त्यावरून आम्हीही सुचवू शकू. दर १९ जूनपर्यंत धरून ठेवला आहे. निर्णय व्हायला वेळ असेल, तर पुन्हा केव्हा विचारू, तेवढं कळवावं. मूळ कोटेशन सोबत जोडलं आहे. त्यात काही बदल नाही.'

खाली नाव आणि फोन नंबर. बस.

हा मेल मोबाइलच्या पडद्यावर जवळजवळ एका नजरेत मावतो, आणि खरेदीवाले आजकाल बरेचसे मेल शॉप फ्लोअरवर उभ्या उभ्या मोबाइलवरच वाचतात. पण त्याचा खरा उपयोग त्याच्या लांबीपेक्षा त्यातल्या प्रश्नात आहे. 'कोटेशनचं काय झालं?' या प्रश्नाला मॅडमकडे उत्तर नाही. निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातात नाही, आणि 'अजून काही झालेलं नाही' असं लिहून देणं कोणालाच आवडत नाही. 'चाकं कुठली?' या प्रश्नाला मात्र एका शब्दात उत्तर आहे. ते उत्तर त्यांच्याकडे नसलं तरी ते कोणाकडे आहे हे त्यांना ठाऊक आहे. मेल पुढे पाठवायचा आणि वर फक्त 'कृपया सांगा' असं लिहायचं, की त्यांचं काम झालं.

आठवणीचा मेल पुष्कळदा पुढे पाठवला जातो, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. खरेदीवाला तो उत्पादनाच्या साहेबांना पाठवतो, ते सुपरवायझरला पाठवतात. तुम्हाला कधी न भेटलेला, ट्रॉलींची चौकशी झाली हेही कदाचित माहीत नसलेला माणूस तो वाचतो. म्हणून मेल असा असावा, की त्या तिसऱ्या माणसाला खाली न जाता प्रश्न कळावा. कशाबद्दल आहे ते विषयाच्या ओळीत, काय विचारलं आहे ते पहिल्या दोन वाक्यांत. आणि त्यात खरेदीतल्या मॅडमना अवघड वाटेल असं काही नको. 'आपल्याकडून आठवडाभर उत्तर नाही' असं वाक्य त्यात असेल, तर तो मेल त्या आपल्या साहेबांना कशाला पाठवतील? पाठवायचा तर ते वाक्य खोडून पाठवावा लागेल. त्यापेक्षा त्या तो पाठवणारच नाहीत.

तारखेचं वाक्यही नीट पाहण्यासारखं आहे. 'दर १९ जूनपर्यंत धरून ठेवला आहे.' ही माहिती मूळ कोटेशनमध्ये 'दर १५ दिवसांपुरता' या रूपात होतीच. इथे ती मोजून, तारीख घालून आली आहे, म्हणजे वाचणाऱ्याला हिशेब करावा लागत नाही. शिवाय वाक्य आपण काय केलं आहे ते सांगतं. समोरच्याने काय केलं नाही, ते सांगत नाही. हीच माहिती 'मुदतीत उत्तर न आल्यास दर बंधनकारक राहणार नाही' अशीही लिहिता येते. ते चूक नाही, पण ते नोटिशीचं वाक्य आहे. पहिल्याच आठवणीत ते आलं की पुढचं सगळं बोलणं त्याच सुरात जातं.

आणि 'पुन्हा केव्हा विचारू' हे वाक्य. हा संपूर्ण मेलमधला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. ज्याच्याकडे आज सांगण्यासारखं काही नाही, त्यालाही यातून उत्तर देण्याची वाट मिळते. 'पुढच्या मंगळवारी' एवढं लिहिलं तरी चालतं. त्यात तो कुठलंही वचन देत नाही, म्हणून लिहायला कचरत नाही. आणि मंगळवारी तुम्ही फोन केलात, तर तो त्रास राहत नाही, ठरल्याप्रमाणे केलेला फोन असतो.

काय लिहू नये तेही सांगायला हवं. 'मी आधीही कळवलं होतं' आणि 'आपण मेल पाहिला नसावा' ही दोन वाक्यं सभ्य दिसतात आणि बोचतात. पहिल्यात ठपका आहे, दुसऱ्यात संशय. माफीही नको. 'त्रास दिल्याबद्दल क्षमस्व, आपण कामात असाल, पण' अशी सुरुवात आपल्याकडे फार असते. एका कोटेशनबद्दल आठवड्याने विचारणं हा त्रास नाही, ते दोघांचं काम आहे. माफीच्या ओळी प्रश्नाला खाली ढकलतात आणि मोबाइलवर पहिली दिसणारी ओळ त्याच खाऊन टाकतात. आदर दाखवायला 'नमस्कार मॅडम' आणि 'कळवावं' पुरेसं आहे.

आता थोडं तांत्रिक, पण उपयोगाचं. हा मेल नव्याने सुरू करायचा नाही. आपल्या पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन ४ जूनचा मेल उघडायचा आणि त्यालाच उत्तर द्यायचं. प्रत्येक मेलला पडद्यामागे स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो. उत्तर देताना तो क्रमांक नव्या मेलमध्ये नोंदवला जातो, आणि त्यावरून दोन्ही मेल समोरच्याकडे एकाखाली एक लागतात. विषयाची ओळ बदलली तर जीमेल त्यांना वेगळं करतं. म्हणून तिथे 'अर्जंट' किंवा 'रिमाइंडर १' घालायचा मोह आवरावा. एक खबरदारी मात्र घ्यावी: आपल्याच पाठवलेल्या मेलला उत्तर देताना काही प्रोग्राम पत्त्याच्या जागी आपलाच पत्ता घालतात. 'रिप्लाय ऑल' दाबून पत्ता एकदा वाचून घ्यावा.

याने मूळ मजकूर आपोआप खाली राहतो, म्हणून तो पुन्हा लिहावा लागत नाही. पण जोडलेली फाइल उत्तरासोबत जात नाही. ती फॉरवर्ड केल्यावरच जाते. मॅडमच्या इनबॉक्समध्ये ती जुन्या मेलवर असतेच, पण त्यांनी तुमचं उत्तर पुढे पाठवलं तर उत्पादनाच्या साहेबांना कोटेशन दिसत नाही. म्हणून तीच पीडीएफ, त्याच नावाची, त्याच तारखेची, पुन्हा जोडावी आणि बदल नाही असं लिहावं. ते अर्धं वाक्य फार मोलाचं आहे, कारण वर सांगितलेला ताडून पाहण्याचा सगळा खटाटोप त्याने वाचतो.

मेल गेला की पुढे साधारण असं घडतं. मॅडम तो दुपारी उत्पादनाच्या साहेबांना पाठवतात. शुक्रवारी त्यांचं उत्तर येतं: पीयू, कारण फ्लोअर इपॉक्सीचं आहे. नायलॉनची चाकं कडक असतात, जड मालाखाली सहज फिरतात, स्वस्तही पडतात, पण इपॉक्सीच्या थरावर ओरखडे पाडतात आणि आवाज करतात. पीयूची नरम असल्याने फ्लोअर राखतात. आता कुपवाडला कळलं की दर कशावर पक्का करायचा, आणि खरेदीलाही कळलं की बाकीच्या दोघांनी नायलॉन धरून दर दिला असेल तर ती तुलना बरोबरीची नाही. त्यांनाही पुन्हा विचारलं जातं. म्हणजे पीओ लगेच निघत नाही, उलट आठवडाभर आणखी जातो. पण तो आठवडा कुपवाडच्या माणसाला काय चाललंय हे माहीत असताना जातो. सुधारित कोटेशन तो नव्या नंबरने देतो, आणि त्यात 'क्र. ११८ ऐवजी' असं स्पष्ट लिहितो.

मेलवर हालचाल झालीच नाही तर व्हॉट्सअ‍ॅप आहे. पण तिथे मेलचा मजकूर चिकटवू नये. 'मॅडम, कालच्या मेलमध्ये चाकांबद्दल एक प्रश्न आहे, तेवढा पाहावा' एवढंच लिहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं उत्तर पुढे कोणाला सापडत नाही, म्हणून तिथे 'पीयू' असं उत्तर आलं तरी मेलवर एका ओळीत ते नोंदवून ठेवावं: 'आपल्या सांगण्याप्रमाणे पीयू चाकं धरत आहोत.' निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, याचा अर्थ काढत बसू नये. मेसेज चालू बैठकीत उघडला जातो आणि मग खाली जातो, इतकं साधं कारण बहुतेक वेळा असतं.

साहेबांना सीसी करावं का? पहिल्या आठवणीत अजिबात नाही. खरेदीतल्या माणसाला ती तक्रार वाटते, आणि ते बरोबरच आहे, कारण ती तक्रारच असते. दुसऱ्या आठवणीतही, ती साधारण आणखी आठवड्याने द्यावी, सीसीपेक्षा फोन बरा. फोनवर निदान एवढं कळतं की चौकशी जिवंत आहे की बजेट पुढच्या तिमाहीत गेलं. दर संपत आला की तिसरा आणि शेवटचा मेल: 'आमचा दर १९ तारखेला संपतो आहे. त्यानंतर लागल्यास नव्या दराने कोटेशन देऊ.' यात प्रश्नच नाही, त्यामुळे उत्तर न देण्याचं ओझंही नाही. असे मेल मी जपून ठेवत असे. सहा महिन्यांनी पुन्हा इंडेंट आला की पहिला फोन तिथेच जायचा.

सरकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार करणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. तिथल्या स्मरणपत्राचा साचा जुना आणि चोख आहे. वर विषय, त्याखाली संदर्भात मूळ पत्राचा क्रमांक आणि तारीख, आणि मजकूर दोन ओळींचा: संदर्भाधीन पत्राकडे लक्ष वेधण्यात येत आहे, केलेली कार्यवाही कळवावी. मूळ पत्र पुन्हा लिहिलं जात नाही. 'या कार्यालयाचे समक्रमांकाचे पत्र' अशी नोंद असते, म्हणजे स्मरणपत्रही त्याच क्रमांकाने जातं आणि त्याच फाइलला लागतं. मेलच्या साखळीने जे आज साधतं ते टपालाच्या काळापासून क्रमांकाने साधलं आहे. नागरिकाने लिहिताना आपल्या अर्जाच्या पोचेवरचा आवक क्रमांक आणि तारीख संदर्भात घालावी, आणि पोचेची झेरॉक्स जोडावी. तो क्रमांक नसला की कार्यालय तुमचं स्मरणपत्र नवा अर्ज म्हणून नोंदवतं, त्याला नवा आवक क्रमांक पडतो आणि तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. अर्ज पुन्हा सगळा लिहून दिला तर हेच होतं.

महाराष्ट्रात इथेही आठवड्याला आधार आहे. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबाला प्रतिबंध करणारा राज्याचा २००५चा कायदा सांगतो, की कुठल्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. अर्थात फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जात असते आणि प्रत्येक टेबलाचे सात दिवस वेगळे, त्यामुळे आठव्या दिवशी कायदा दाखवणं बरं नव्हे. पण स्मरणपत्रात 'प्रकरण सध्या कोणाकडे आहे, तेवढं कळवावं' असं विचारता येतं. चाकांच्या प्रश्नासारखाच हाही छोटा प्रश्न आहे आणि आवक-जावक सांभाळणारा कारकूनही त्याचं उत्तर देऊ शकतो.

माहितीच्या अधिकाराखालच्या अर्जाला मात्र ही पद्धत लावू नये. तिथे जनमाहिती अधिकाऱ्याला साधारणपणे ३० दिवस असतात, तेव्हा आठवड्याने दिलेल्या आठवणीला काही वजन नसतं. आणि ते ३० दिवस उत्तराविना गेले, की प्रथम अपील करायला तुमचे ३० दिवस सुरू होतात. त्यानंतर उशीर झाला तर अपील घ्यायचं की नाही, हे उशिराचं कारण पाहून अपिलीय अधिकारी ठरवतो. नम्रपणे दुसरं, तिसरं स्मरणपत्र पाठवण्यात पुष्कळांचे तेच दिवस निघून जातात. एकतिसाव्या दिवशी स्मरणपत्र बाजूला ठेवावं आणि सरळ अपिलाचा कागद घ्यावा.